चित्रातला ७ यादीतल्या ७लाच सापडावा: मशीनच्या माहितीपुस्तकातल्या आकृत्या मराठीत आणताना

माझी आत्येबहीण जर्मनीतून परत आली तेव्हा सामानात कपडे धुवायचं मशीनही घेऊन आली. समोरून दार उघडणारं, चांगलं दणकट. जर्मनीत आणि आपल्याकडे वीज सारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे पिन बदलली की मशीन चालू झालं. ते राहिलं सांगलीला आत्याकडे आणि माहितीपुस्तक राहिलं जर्मनमध्ये. मी भाषांतराची कामं करतो, म्हणून बहिणीने पानांचे फोटो काढून मला पाठवले आणि मी तासाभरात मराठी कागद करून आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

दोन महिन्यांनी आत्याचा फोन आला. “अरे, तुझ्या कागदाप्रमाणे जाळी फिरवली आणि बादलीभर पाणी माझ्या पायावर आलं. आणि ते मशीनचे पाय कशाला फिरवून काढायचे? मी तर उचलून खाली फडकं सारलं आणि एक पाय अर्धा फिरवलापण!”

माझ्या भाषांतरात एकही शब्द चुकीचा नव्हता. चुकले होते आकडे. फोटोवरून आकृतीचं भाषांतर करताना शब्द अडले तर कोश असतो, पण आकडा एका घराने सरकला तर ते सांगणारं कुणी नसतं. तेव्हापासून मी हे काम कसं करतो ते लिहितो आहे. उदाहरण त्याच मशीनचं, त्याच पानाचं.

आधी, नेमकं काय झालं होतं

पान १४ वर मशीनचं समोरून दिसणारं चित्र होतं. चित्राभोवती १ ते ९ आकडे, प्रत्येकापासून एक बारीक रेघ मशीनच्या एकेका भागापर्यंत गेलेली. चित्राखाली दोन रकान्यांत नावांची यादी. मुळात ती अशी होती: १ साबणाचा खण, २ बटणांची पट्टी, ३ दार, ४ दाराची मूठ, ५ माहितीची धातूची पट्टी, ६ खालचं झाकण, ७ पाणी काढायची नळी, ८ पंपाची जाळी, ९ खालीवर होणारे पाय.

फोटो काढताना बहिणीने पुस्तक डाव्या हाताने दाबून धरलं होतं. तिचा अंगठा पहिल्या रकान्याच्या शेवटच्या ओळीवर, म्हणजे बरोबर ५ वर आला होता. चित्र पूर्ण दिसत होतं, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही. मी दिसतील ती नावं एकाखाली एक टंकत गेलो आणि आकडे द्यायचं काम संगणकावर सोपवलं. त्याने इमानेइतबारे १ ते ८ आकडे दिले. आता यादीत ५ झालं खालचं झाकण, ६ नळी, ७ जाळी आणि ८ पाय.

पुढच्या पानावरच्या कृतीत मात्र आकडे मूळचेच होते: आधी ७ बाहेर ओढून पाणी काढा, मग ८ फिरवून बाहेर काढा. आत्याने ७ म्हणजे काय ते यादीत बघितलं, तिथे जाळी. जाळीचा मोठा गोल बोंडा मशीनवर चटकन ओळखू येतो, तिने तो फिरवला. आठला पाय. ते पाय खरोखरच फिरतात, मशीनची पातळी जुळवायला ते तसेच केलेले असतात. त्यामुळे सूचना तिला विचित्र वाटली, पण अशक्य वाटली नाही. सरकलेल्या आकड्यांची खरी गोम हीच की चुकीची जोडी पुष्कळदा पटण्यासारखी असते.

एक खूण समोर होती. चित्रात ९ होता आणि माझ्या यादीत नव्हता. मी मोजलंच नव्हतं.

फोटो

फोटो दुसऱ्या कुणी काढणार असेल तर त्याला आधीच दोन गोष्टी सांगा: बोटं कागदाच्या बाहेर ठेव, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा पाठवला की त्याची लांबी साधारण १६०० पिक्सेलवर येते. आकृतीतला आकडा छापील कागदावर जेमतेम २ मिलिमीटर उंच असतो. ए-५ आकाराच्या, म्हणजे २१० मिलिमीटर उंचीच्या पानाचा फोटो १६०० पिक्सेलचा झाला तर त्या आकड्याला १५ पिक्सेल मिळतात. एवढ्यात ३, ६ आणि ८ वेगळे करणं म्हणजे अंदाजपंचे काम. तोच मूळ फोटो ४००० पिक्सेलचा असेल तर आकड्याला ३८ पिक्सेल मिळतात आणि शंका राहत नाही.

पुस्तकाचा कागद गुळगुळीत असला तर फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ, बाजूने उजेड येईल असं ठेवून फोटो घ्यावा. पान वळलेलं असेल तर शिवणीजवळच्या रेघा वाकतात आणि शेजारशेजारच्या दोन रेघा एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात. म्हणून एक फोटो अख्ख्या पानाचा, पान क्रमांकासकट, आणि मग फक्त आकृतीचे दोन-तीन जवळून घेतलेले फोटो. मूळ फोटोंना हात लावायचा नाही, सरळ करणं आणि कापणं सगळं प्रतीवर. किती वेळा तरी मी कडा कापताना कोपऱ्यातला एखादा आकडाच कापून टाकला आहे.

भाषांतराआधी आकड्यांची शिरगणती

या कामातला सगळ्यात महत्त्वाचा अर्धा तास हा. नावांची यादी झाकून ठेवायची, हवं तर त्यावर कागद ठेवायचा, आणि फक्त चित्र बघायचं. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायचं. प्रत्येक आकड्यापासून निघालेली रेघ बोटाने शेवटपर्यंत न्यायची आणि ती कुठे टेकते ते आपल्या शब्दांत लिहायचं. नाव लिहायचं नाही, दिसतं ते लिहायचं: “उजवीकडे खाली, झडपेच्या आत, बारीक काळी नळी, टोकाला टोपण.”

यादी झाकायची ती यासाठी, की एकदा “जाळी” हा शब्द वाचला की डोळा जाळी शोधतो आणि रेघ शेजारी टेकलेली असली तरी तिला जाळीवर नेऊन ठेवतो. रेघेचं टोकही बघायला हवं. टोकाला ठिपका असेल तर ठिपक्याखाली जो भाग आहे तो. नुसतं टोक असेल तर ते ज्या कडेला टेकतं तो भाग. रेघ एका भागावरून जाऊन पलीकडच्या भागापर्यंत पोचत असेल तर पलीकडचा. आमच्या चित्रात ७ ची रेघ खालच्या झाकणावरून आत जात होती, फोटो बारीक असता तर ती झाकणालाच टेकते असं वाटलं असतं.

हे सगळं मी तक्त्यात भरतो. पान १४ चा खालचा भाग असा होता:

| खूण | रेघ कुठे टेकते | मूळ नाव | मराठी | कृतीत कुठे येतं |
|---|---|---|---|---|
| `p14f1-05` | दाराच्या कडेच्या आत, बारीक पट्टी | ट्यूपेनशिल्ट | माहितीची पट्टी | कुठे नाही |
| `p14f1-06` | उजवीकडे तळाला, चौकोनी झडप | वार्टुंग्सक्लापं | खालचं झाकण | पान १५, पायरी २ |
| `p14f1-07` | झडपेच्या आत, टोपणाची नळी | एन्टलेरुंग्सश्लाउख | पाणी काढायची नळी | पान १५, पायरी ३ |
| `p14f1-08` | झडपेच्या आत, मोठा गोल बोंडा | फ्लूझेनझीप | पंपाची जाळी | पान १५, पायरी ५ |
| `p14f1-09` | तळाचे दोन्ही कोपरे | फ्यूसं | पाय | पान ९ |

पहिल्या रकान्यातली खूण नीट बघा: पान, आकृती आणि मग आकडा. नुसतं “७” लिहून भागत नाही, कारण पुढच्या पानावरच्या आकृतीतही ७ असतो आणि तो वेगळ्याच भागाचा असतो. खुणेत अक्षरं घातली आहेत त्यालाही कारण आहे. मी आधी `14-1-7` असं लिहायचो, तर तक्त्याच्या सॉफ्टवेअरने ती तारीख समजून तिचं रूपच बदलून टाकलं. आकड्याआधी शून्य घातलं आहे ते क्रम लावताना ०९ नंतर १० यावा म्हणून.

आता यादीवरचा कागद काढायचा आणि मूळ नावं भरायची. इथे माझा अंगठ्याचा घोटाळा त्या दिवशीच उघडा पडला असता: ५ ची ओळ तक्त्यात आहे, रेघ कुठे टेकते तेही लिहिलं आहे, पण नावाचा रकाना रिकामा. रिकामा रकाना म्हणजे नवा फोटो मागवायची वेळ. अंदाजाने भरायचा नाही आणि ओळ काढूनही टाकायची नाही.

यादीला आपोआप आकडे देण्याची सोय बंदच ठेवा. आकडा हा त्या भागाचं नाव आहे, त्याची रांगेतली जागा नव्हे, आणि म्हणून तो हाताने टंकायचा. तसंच, तक्त्यात एकाच रकान्याला अकारविल्हे लावू नका. सॉफ्टवेअर “बाकीचे रकानेही हलवू का” असं विचारतं तेव्हा घाईत नाही म्हटलं, की नावं हलतात आणि खुणा जागच्या जागी राहतात. हा अपघात मी एकदा केला आहे. तेव्हा मात्र सगळंच इतकं हास्यास्पद झालं, साबण पायात आणि मूठ पंपात, की लगेच कळलं.

सगळे आकडे एका जातीचे नसतात

एकाच आकृतीत किमान तीन जातींचे आकडे असू शकतात. भागांचे आकडे रेघ घेऊन येतात. कृतीच्या पायऱ्यांचे आकडे बहुधा ठळक, गोलात किंवा बाणाजवळ असतात आणि त्यांना रेघ नसते. आणि मापं असतात, सेंटिमीटर, मिनिटं, अंश. पान १५ वर खालचं झाकण उघडायच्या बाणाजवळ गोलात २ होता. तो “ही दुसरी पायरी” असं सांगत होता, पण त्या पानावर भाग क्रमांक २ ही होता, बटणांची पट्टी. तक्ता करताना पायऱ्यांच्या खुणेत मी `s` घालतो, `p15f1-s2` असं, म्हणजे दोन २ एकमेकांत जात नाहीत.

रोमन आकड्यांनी तर मला फारच सतावलं. साबणाच्या खणात तीन कप्पे असतात. त्यांवर I, II आणि एक फुलासारखं चिन्ह असतं. II हा मुख्य धुण्याचा कप्पा, I हा आधीच्या धुण्याचा आणि फूल म्हणजे कपडे मऊ करणाऱ्या द्रावणाचा. आता मराठीत आणताना त्यांचं १ आणि २ केलं तर दोन गोष्टी बिघडतात. त्याच आकृतीत रेघांचे १ आणि २ असतातच, त्यांच्याशी हे भिडतात. आणि वाचणारा सरळ विचार करतो, पहिला नंबर म्हणजे मुख्य. तो पावडर I मध्ये टाकतो, आणि आधीच्या धुण्याचा कार्यक्रम लावलेला नसेल तर ती पावडर बरीचशी तिथेच पडून राहते. कपडे नुसत्या पाण्यात फिरून बाहेर येतात. म्हणून जे मशीनच्या अंगावर कोरलेलं आहे ते चित्रात आणि यादीत जसंच्या तसं ठेवायचं: “II (दोन उभ्या रेघा): रोजची पावडर इथे.” फोटोतून मजकूर काढणारी सॉफ्टवेअर II ला पुष्कळदा ११ वाचतात, तेव्हा तक्त्यात अचानक अकरावा भाग उगवला तर घाबरू नका, खण बघा.

आकड्यांची लिपीही इथे महत्त्वाची ठरते. लेखात मी देवनागरी आकडे लिहितो आहे, पण आत्याच्या कागदावर आकडे चित्रात छापलेले तसेच ठेवतो. आपला ४ आणि त्यांचा 8 एका नजरेत सारखे दिसतात. चित्रात 8 आणि यादीत ४ असे दोन्ही एकाच कागदावर आले तर चष्मा न लावलेल्या माणसाने त्यांची जोडी लावली तर त्याला दोष देता येणार नाही.

शब्द

आता कुठे भाषांतर. जर्मनमध्ये भागांची नावं अशी गमतीची असतात की नुसता कोश उघडून बसलात तर मशीनच्या जागी बैलगाडी तयार होईल. दाराच्या गोल काचेला ते बुलआउगं म्हणतात, शब्दशः बैलाचा डोळा. ड्रमला ट्रोमेल, म्हणजे ढोल. मुटर म्हणजे आई आणि मुटर म्हणजेच स्क्रूवर बसणारा नट. मशीन हलवताना ड्रम बांधून ठेवणारे बोल्ट असतात, त्यांच्या पानावर मुटर येतो आणि कॅमेरा धरला की जागच्या जागी भाषांतर दाखवणाऱ्या अ‍ॅपने तिथे खुशाल “आई” लिहिलेलं मी पाहिलं आहे. आकृतीतल्या नावांना वाक्य नसतं, मागचापुढचा संदर्भ नसतो, म्हणून असं होतं. संदर्भ फक्त रेघेच्या टोकाला असतो, आणि तो आपल्या तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात लिहिलेला आहे. नाव ठरवताना आधी तो रकाना वाचायचा, मग मूळ शब्द.

त्या अ‍ॅपचा आणखी एक त्रास: ती मराठी शब्द मूळ शब्दाच्या जागी चिकटवताना रेघा आणि आकडे झाकतात, आणि शेजारच्या दोन नावांना एकच वाक्य समजून जोडतात. एखादा अडलेला शब्द समजून घ्यायला ठीक, तयार कागद म्हणून नाही.

मराठी शब्द घरात बोलतात तोच घ्यावा. मशीनचा पाणी-काढ भाग, त्याला जर्मनमध्ये लाउगेनपुंपं म्हणतात. लाउगं म्हणजे साबणाचं किंवा खाराचं पाणी. “क्षारद्रावण पंप” असं लिहिलं तर आत्या विचारेल हे कुठलं औषध. “पाणी बाहेर टाकणारा पंप” पुरे. एकदा “जाळी” म्हटलं की अख्ख्या कागदात जाळीच, मध्येच फिल्टर नको, नाहीतर वाचणाऱ्याला ते दोन वेगळे भाग वाटतात. पाण्याच्या नळ्या तीन असतात: नळातून पाणी आत आणणारी, मागून बाहेर टाकणारी आणि ही समोरची बारीक. तिन्हींना “नळी” म्हटलं की गोंधळ पक्का. “आत येणारी नळी”, “बाहेर जाणारी मागची नळी” आणि “पाणी काढायची बारीक नळी” अशी पूर्ण नावं शेवटपर्यंत ठेवायची, जागा कितीही खाल्ली तरी.

आणि कृतीत आकडा कधीच एकटा लिहायचा नाही. “७ बाहेर ओढा” याऐवजी “पाणी काढायची बारीक नळी (७) बाहेर ओढा”. असं लिहिलं असतं तर माझी यादी सरकलेली असूनही आत्याचे पाय कोरडे राहिले असते, कारण नाव एक सांगतंय आणि आकडा दुसरं, हे तिच्या तिथेच लक्षात आलं असतं.

कागद मांडणं

माझा सल्ला असा की चित्राला शक्यतो हात लावू नका. मूळ आकृती तशीच ठेवा, आकडे आणि रेघांसकट, आणि मराठी यादी शेजारी, त्याच पानावर ठेवा. यादी पुढच्या पानावर गेली की वाचणारा पान उलटताना आकडा विसरतो.

पण काही आकृत्यांत आकडे नसतातच, नाव थेट रेघेच्या टोकाला लिहिलेलं असतं. बटणांच्या पट्टीची आकृती बहुतेक अशीच. मराठी नाव तेवढ्याच जागेत मावत नाही, आणि मात्रा-वेलांट्यांमुळे आपल्या ओळीला वरखाली जास्त उंची लागते, त्यामुळे अक्षर बारीक करत जावं लागतं. त्यापेक्षा मी मूळ नावाजागी क, ख, ग अशी अक्षरं घालतो आणि नावं यादीत देतो. देवनागरी अक्षर दिसलं की कळतं की ही खूण आपण घातलेली आहे, छापील नाही. छापील a, b, c शी ती भिडतही नाही.

बटणांवर जे छापलेलं आहे ते मात्र पुसायचं नाही. आत्याला जर्मन येत नाही, पण तिला बटणावरचा शब्द चित्रासारखा ओळखता येतो. म्हणून पट्टीच्या यादीत आधी मूळ शब्दाचा फोटोतला तुकडा कापून चिकटवायचा, त्याच्यापुढे मराठी अर्थ: “सुती कपडे”, “पिळणे”, “लोकर”. ती तुकडा आणि बटण जुळवून बघते. मराठी अर्थ चित्रातच चिकटवला असता तर मशीनवर कुठलं बटण ते तिला कधीच सापडलं नसतं.

अक्षरं घालायला मी इंकस्केप हे चित्रांचं सॉफ्टवेअर वापरतो. सगळ्यात खालच्या थरात फोटो, कुलूप लावून, म्हणजे चुकून सरकत नाही. मधल्या थरात पांढरे चौकोन, फक्त मूळ शब्द झाकतील एवढेच, रेघेच्या टोकाला न शिवणारे. वरच्या थरात मराठी अक्षरं. प्रत्येक अक्षराच्या वस्तूला तक्त्यातलीच खूण नाव म्हणून द्यायची, म्हणजे नंतर “`p14f1-07` कुठे आहे” हे शोधता येतं. टाइप नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, आकार १० पॉइंटच्या खाली नको. कुठल्याही सॉफ्टवेअरने मराठी नीट जुळवलं की नाही ते बघायला “फिल्टर” आणि “दुसऱ्या” हे दोन शब्द टंकून बघावेत. पहिली वेलांटी फ च्या उजवीकडे गेली किंवा ल्ट सुटा झाला तर तिथे काम करू नका.

पानं पुष्कळ असतील, अख्खं पुस्तकच असेल, तर मूळ शब्द हाताने टंकण्याऐवजी टेसरॅक्ट या फोटोतून मजकूर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने काढता येतात. आकृतीसाठी विखुरलेला मजकूर शोधणारी पद्धत सांगायची आणि शब्दांच्या जागाही मागायच्या:

```
tesseract p14.png p14 -l deu --psm 11 tsv
```

यातून `p14.tsv` तयार होते. तिच्यात प्रत्येक शब्दासमोर तो चित्रात डावीकडून आणि वरून किती पिक्सेलवर आहे (`left`, `top`) आणि वाचनाची खात्री किती (`conf`) हे असतं. `deu` विसरलात तर ü चा u होतो आणि पुढे कोशात शब्द सापडत नाही. शब्दांसाठी हे बरं, गोलातल्या आकड्यांसाठी मात्र यावर विसंबू नका. गोलातला आकडा त्याला पुष्कळदा अक्षर किंवा @ वाटतो, नाहीतर तो सोडूनच देतो, आणि सोडून दिलेला आकडा म्हणजे पुन्हा तोच अंगठा. आकडे डोळ्याने, शब्द यंत्राने.

तपासणी

पहिली तपासणी मोजणीची. चित्रातले आकडे किती, यादीतल्या ओळी किती, आणि कृतीत आलेला प्रत्येक आकडा यादीत आहे का. आमच्या पानावर चित्रात ९, यादीत ८. एवढं दहा सेकंदांचं काम झालं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. यादीत जास्त निघाले तर शेजारच्या आकृतीची ओळ इथे घुसलेली असते. चित्रात जास्त निघाले तर यादीतली ओळ सुटलेली असते, किंवा एकच भाग दोन्ही बाजूंनी दाखवलेला असतो, पायांसारखा, तेव्हा दोन रेघांना एकच आकडा असतो.

मोजणी जुळली म्हणजे जोड्या जुळल्या असं नाही. दोन ओळींची अदलाबदल झाली तरी मोजणी बरोबरच येते. त्यासाठी दुसरी तपासणी: जर्मन न येणारा माणूस, हातात फक्त मराठी कागद, समोर मशीन. त्याला कृती वाचायला लावायची नाही, कारण कृती वाचताना माणूस अर्थावरून अंदाज बांधतो. नुसते आकडे विचारायचे, तेही उलटसुलट: “आठ दाखव. तीन दाखव. सहा दाखव.” तो कागदावरून नाव सांगेल आणि मशीनवर बोट ठेवेल. मग उलट, मशीनच्या एखाद्या भागावर बोट ठेवून “याचा नंबर कुठला?” दोन्ही बाजूंनी उत्तर एकच यायला हवं. मशीन जवळ नसेल तर व्हिडिओ कॉलवर हे होतं. आत्याबरोबर मी असंच केलं. तिने सातला नळी आणि आठला जाळी बरोबर दाखवली. मग स्वतःहून म्हणाली, “पाच कुठाय? हं, दाराच्या आत. बारीक आहे, वाचता येत नाही.” तेवढ्यासाठी माहितीच्या पट्टीचाही वेगळा फोटो मागवला, कारण दुरुस्तीवाल्याला मॉडेलचा नंबर तिथूनच सांगावा लागतो.

पाणी काढायच्या पानासाठी तिसरी तपासणी मी ठेवली आहे: कृतीतल्या सूचना ज्या क्रमाने आहेत तो क्रम आणि भागांचे आकडे यांचा काही संबंध नाही, हे कागदावर दिसतं का. म्हणून पायऱ्यांना मी आकडे देतच नाही, शब्द देतो: “आधी”, “नंतर”, “मग”, “शेवटी”. नव्या कागदावर ते असं आहे: आधी मशीन बंद करून पिन काढा आणि पाणी गरम असेल तर थंड होऊ द्या. नंतर खालचं झाकण (6) उघडून खाली पसरट भांडं ठेवा. मग पाणी काढायची बारीक नळी (7) बाहेर ओढा, टोपण काढून पाणी भांड्यात जाऊ द्या, भांडं भरलं की टोपण लावून ओता, पाणी थांबेपर्यंत. टोपण परत लावून नळी जागेवर बसवा. शेवटी पंपाची जाळी (8) डावीकडे सावकाश फिरवा, थोडं पाणी तरीही येईल, फडकं ठेवा. जाळीतला कचरा, नाणी, बटणं काढून जाळी घट्ट बसेपर्यंत उजवीकडे फिरवा.

तो कागद आत्याने लॅमिनेट करून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. ६, ७ आणि ८ या तीन आकड्यांच्या चकत्या तिने नातवाकडून कापून घेऊन त्या त्या भागावरही लावल्या. मागच्या पावसाळ्यात पंप अडकला तेव्हा तिने मला फोन केला नाही. जाळीतून एक रुपयाची तीन नाणी निघाली, एवढंच कळवलं.